लिफ्टचा कंट्रोलर आणि पंपसेट बदला, असे अभियंत्याचे पत्र आले आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या अभियंत्याचे पत्र सूचनाफलकावर लागले की पहिल्यांदा खालची एकूण रक्कम वाचली जाते आणि वाद तिथूनच सुरू होतो. पत्र कसे वाचावे, त्यातल्या कोणत्या ओळीला काय आधार हवा आणि रक्कम मंजूर करण्याआधी कमिटीने काय विचारावे, हे इथे सांगितले आहे. समजायला सोपे जावे म्हणून महाराष्ट्रातल्या एका नमुना सोसायटीचे उदाहरण धरले आहे: तळमजला अधिक सात मजले, २८ सदनिका, एक लिफ्ट, खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारे पाच एचपीचे दोन पंप, आणि सगळी यंत्रसामग्री साधारण पंचवीस वर्षे जुनी. खर्चाचे आकडे या उदाहरणापुरतेच आहेत. तुमच्या इमारतीसाठी कोटेशन मागवावीच लागतील.

पत्रात नेमके काय लिहिलेले असायला हवे?

शिफारशीच्या आधी मोजमाप हवे. आमच्या उदाहरणातल्या पत्राचा गाभा असा आहे:

«मा. सेक्रेटरी यांस, लिफ्ट व पंपांची पाहणी केली. लिफ्ट रिकामी असताना चौथ्या मजल्यावर १५ मिमी वर थांबते. पाच माणसे घेऊन खाली येताना त्याच मजल्यावर ६० मिमी खाली थांबते. कंट्रोलरच्या पॅनलमधील दिशेच्या दोन्ही कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळालेले आहेत. रिले कार्डाचे सुटे भाग मिळत नाहीत, असे देखभाल करणाऱ्या कंपनीने लेखी कळवले आहे. मोटर, गिअर बॉक्स व दोर सुस्थितीत आहेत. ते बदलण्याची गरज नाही. दोन्ही पंप प्रत्येकी तासाला सुमारे ६,७०० लिटर पाणी देतात व ३.९ किलोवॅट वीज घेतात. कंट्रोलर व दोन्ही पंप बदलावेत, अशी शिफारस आहे.»

यातले सगळ्यात मोलाचे वाक्य मोटर, गिअर बॉक्स आणि दोर बदलायची गरज नाही, हे. काय बदलायचे नाही हे ज्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असते, त्या पत्रामागे खरी पाहणी झालेली असते. «यंत्रसामग्री जुनी झाली असल्याने बदलावी» एवढेच लिहिलेले पत्र परत पाठवा आणि मोजमाप मागा. नुसते वय हे बदलण्याचे कारण होत नाही.

लिफ्ट मजल्याच्या वर-खाली थांबते, यात कंट्रोलरचा काय दोष? ब्रेक घट्ट करून चालणार नाही का?

जुन्या दोन-वेगी लिफ्टमध्ये मोटरला दोन वाइंडिंग असतात. लिफ्ट मोठ्या वेगाने येते, मजला जवळ आला की पॅनलमधला मोठा विद्युत स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, तिला छोट्या वेगावर आणतो. हा वेग बहुधा मोठ्या वेगाच्या एक चतुर्थांश असतो. त्या वेगात असतानाच वीज तुटते, ब्रेक आवळतो आणि लिफ्ट थोडी घसरून थांबते. ही घसरण किती होणार हे आत किती माणसे आहेत, लिफ्ट वर चालली आहे की खाली आणि ब्रेकचे लायनर किती झिजले आहे, यावर ठरते. म्हणून रिकाम्या लिफ्टचा मजला बरोबर लावला की भरलेल्या लिफ्टचा चुकतो.

ब्रेक घट्ट केल्यावर फरक कमी होतो, पण झटका वाढतो आणि लायनर लवकर झिजते. काही महिन्यांत पुन्हा तेच. नव्या व्हीव्हीव्हीएफ कंट्रोलरमध्ये ड्राइव्ह नावाचा इलेक्ट्रॉनिक भाग मोटरचा वेग हळूहळू जवळजवळ शून्यावर आणतो आणि ब्रेक लागतो तो फक्त थांबलेली लिफ्ट धरून ठेवायला. त्यामुळे वजन कितीही असले तरी लिफ्ट मजल्याला लागते.

हे तुम्हाला स्वतः तपासता येते. एकाच मजल्यावर लिफ्ट रिकामी आणि भरलेली, वरून येताना आणि खालून येताना अशी चार वेळा थांबवा आणि दर वेळी उंबरठ्यातला फरक पट्टीने मोजा. चारही वेळा चूक सारखीच असेल तर दोष बहुतेक त्या मजल्याच्या शाफ्टमधल्या स्विचचा किंवा त्या स्विचसमोर येणाऱ्या पट्टीचा आहे आणि तो काही हजारांत सुटतो. चूक वजनाबरोबर बदलत असेल, तर लायनर आधी तपासून घ्या. लायनर ठीक असूनही फरक राहिला तर अभियंत्याचे म्हणणे खरे आहे.

नवा कंट्रोलर लावला की लिफ्ट सुरक्षित झाली, असे समजायचे का?

नाही. या प्रश्नावर कमिटीने सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

लिफ्ट चालण्यासाठी सुरक्षिततेची एक साखळी पूर्ण असावी लागते: प्रत्येक मजल्याच्या दाराचे लॉक, लिफ्टच्या स्वतःच्या दाराचा स्विच, वरची-खालची अंतिम मर्यादा, लिफ्टचा वेग प्रमाणाबाहेर गेला की तिला थांबवणाऱ्या गव्हर्नरचा स्विच, लिफ्टखालच्या खड्ड्यातले, म्हणजे पिटमधले, आणि लिफ्टच्या छतावरचे स्टॉप बटण. यातले एक जरी उघडे असले तरी लिफ्ट हलता कामा नये. कंट्रोलर ही साखळी फक्त वाचतो. लॉकच झिजलेले असेल तर नवा कंट्रोलर तेच झिजलेले लॉक वाचत राहील.

जुन्या इमारतींत वारंवार आढळणारी गोष्ट म्हणजे जंपर. एखाद्या मजल्याचे लॉक सारखे त्रास देते, लिफ्ट बंद पडते, रहिवासी फोनवर फोन करतात, आणि तंत्रज्ञ पॅनलमध्ये दोन टर्मिनलना वायरचा तुकडा जोडून ते लॉक साखळीतून काढून टाकतो. लिफ्ट सुरू होते, पण त्या मजल्याचे दार उघडे असतानाही ती आता निघू शकते. माणसे रिकाम्या शाफ्टमध्ये पडतात ती अशा दारातून.

म्हणून पत्रात सगळ्या मजल्यांच्या लॉकच्या स्थितीची वेगळी ओळ मागा. काम घेणाऱ्या कंपनीकडून लिहून घ्या की नव्या पॅनलमध्ये एकही जंपर नाही. आणि सुपूर्दीच्या दिवशी प्रत्येक मजल्यावर तंत्रज्ञाकडून किल्लीने दार जरासे उघडून लिफ्टला बोलावून बघा. आठही मजल्यांवर लिफ्ट जागची हलली नाही पाहिजे. याला अर्धा तास लागतो आणि तो सोडू नये.

वीज गेली की लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर येईल ना?

त्यासाठी एआरडी नावाचा बॅटरीवर चालणारा संच वेगळा घ्यावा लागतो. काही कोटेशनमध्ये तो धरलेला असतो, काहींत नसतो, आणि स्वस्त कोटेशन स्वस्त असण्याचे कारण बरेचदा हेच निघते. एआरडी बॅटरीवर लिफ्टला जवळच्या मजल्यापर्यंत हळू नेतो आणि दार मोकळे करतो. त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. लिफ्ट बिघाडामुळे अडकली असेल, म्हणजे सुरक्षिततेची साखळीच तुटली असेल, तर एआरडी तिला हलवणार नाही आणि हलवूही नये. दुसरे, बॅटरी साधारण तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. तो खर्च वार्षिक देखभालीत आहे की वेगळा, हे आधीच विचारा.

पत्रात लिफ्टच्या खर्चाची फोड कशी असावी?

एका ओळीत «कंट्रोलर बदलणे, एकूण अमुक» असे असेल तर तीन कोटेशनची तुलना करता येत नाही. उदाहरणातल्या पत्रात फोड अशी आहे:

कंट्रोलर, ड्राइव्हसह: १,६५,००० रुपये
एआरडी, बॅटरीसह: ४०,००० रुपये
मोटरचा वेग मोजणारा एन्कोडर, शाफ्टमधले स्विच व चुंबक: १८,००० रुपये
ट्रॅव्हलिंग केबल व शाफ्टमधली वायरिंग: ४२,००० रुपये
लिफ्टमधले बटण पॅनल व आठ मजल्यांची बटणे: ५५,००० रुपये
जोडणी, चाचणी व चालू करून देणे: ४०,००० रुपये

बेरीज ३,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४,८००, एकूण ४,२४,८०० रुपये.

खर्च कमी करायचा झाला की पहिला हात ट्रॅव्हलिंग केबलवर पडतो: «जुनी चालेल». ही केबल लिफ्टबरोबर दिवसभर वाकत-सरळ होत असते. पंचवीस वर्षांनी आतल्या तारा तुटायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. नवा कंट्रोलर लावल्यावर लिफ्ट मधेच थांबते, पुन्हा सुरू होते, कंपनी केबलला दोष देते आणि सोसायटी कंपनीला. केबल नवीच घ्यावी. बचत करायचीच असेल तर बटणांच्या पॅनलमध्ये साधा प्रकार निवडा. तिथे स्टील आणि डिस्प्लेच्या दिमाखासाठी पैसे जातात.

जुनी मोटर नव्या ड्राइव्हवर चालेल का?

बहुतेक वेळा चालते. ड्राइव्ह मोठ्या वेगाच्या वाइंडिंगला जोडला जातो आणि छोट्या वेगाचे वाइंडिंग वापरातून जाते. पण आधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून आकडा पत्रात लिहायला सांगा. एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटर आधी वाळवून किंवा रिवाइंड करून घ्यावी, कारण ड्राइव्हमधून येणारी वीज जुन्या इन्सुलेशनवर जास्त ताण देते.

गच्चीवरच्या मशीन रूमचेही बघा. रिलेचे पॅनल उन्हाळ्यातली उष्णता सहन करते, ड्राइव्ह करत नाही. तो तापला की स्वतःला बंद करतो. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर लिफ्ट बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप चालू होते, अशी तक्रार आली तर कारण हेच. एक एक्झॉस्ट पंखा, समोरच्या बाजूला हवा आत यायला जाळी आणि नीट अर्थिंग एवढे काम कंट्रोलर येण्याआधी झालेले असावे.

पंप तर चालू आहेत, पाणीही चढते. मग बदलायचे कशाला?

पाणी चढते म्हणजे पंप ठीक आहे असे नाही. किती वेळात आणि किती विजेत चढते, ते बघावे लागते. अभियंत्याने ते कसे मोजले ते पाहू, कारण हीच चाचणी कोणतीही कमिटी करू शकते.

गच्चीवरची टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे तळ १२ चौरस मीटर. घरांकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, काठीने पातळी मोजायची, पंप बरोबर १५ मिनिटे चालवायचा आणि पुन्हा मोजायचे. पातळी १४ सेंटीमीटर वाढली. म्हणजे १.६८ घनमीटर, तासाला सुमारे ६,७०० लिटर. त्याच वेळी क्लॅम्प मीटरने पाहिले तर मोटर ६.८ अँपिअर घेत होती, म्हणजे साधारण ३.९ किलोवॅट.

आता गरज किती ते काढू. २८ घरे, घरटी पाच माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला १८,९०० लिटर. जुना पंप हे पाणी द्यायला पावणेतीन तासांहून थोडा जास्त चालतो आणि सुमारे ११ युनिट खातो.

पाचऐवजी तीन एचपीचा पंप सुचवला आहे. वरच्या मजल्यांना पाणी कमी नाही पडणार?

ही भीती जवळजवळ प्रत्येक सभेत निघते. पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी टाकतो. वरच्या मजल्याच्या नळाचा जोर टाकीच्या उंचीवर ठरतो, पंपाच्या एचपीवर नाही.

तीन एचपी कसे आले ते पाहा. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून गच्चीच्या टाकीच्या तोंडापर्यंत उंची ३१ मीटर. ५० मिमीच्या पाइपमधले घर्षण, बेंड आणि व्हॉल्व्ह मिळून आणखी ५ मीटर. पंपाला पेलायची ही एकूण उंची, म्हणजे हेड, ३६ मीटर. पाणी दोन तासांच्या आत चढावे म्हणून तासाला १०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला २.७८ लिटर. सेकंदाचे लिटर गुणिले हेड गुणिले ९.८१ केले की पाण्याला लागणारी शक्ती वॅटमध्ये मिळते: सुमारे ९८० वॅट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर पंपाच्या शाफ्टवर १.९६ किलोवॅट. तीन एचपीची मोटर २.२ किलोवॅटची असते. पुरते.

मग जुना पाच एचपीचा पंप कमी पाणी का देतो? पंपातले पाणी फेकणारे चाक, म्हणजे इम्पेलर, झिजला आहे, हे एक. दुसरे कारण डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय कळत नाही: तो अर्धवट बंद ठेवलेला आहे. पंप जास्त हेडसाठी निवडलेला असला की कमी हेडवर तो जास्त पाणी फेकू पाहतो, मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होते, आणि कोणीतरी व्हॉल्व्ह आवळून प्रश्न मिटवतो. तेव्हापासून वीज व्हॉल्व्हवर खर्च होत राहते. अशा ठिकाणी पंप दुरुस्त केला तरी निवडीची मूळ चूक तशीच राहते. पण तुमच्या पंपाचे हेड बरोबर असेल आणि फक्त सील, बेअरिंग आणि इम्पेलर गेले असतील, तर दुरुस्तीच करा. नवा पंप घ्यायची गरज नाही.

पंपाच्या बाजूचा खर्च किती?

तीन एचपीचे दोन पंप ५६,०००. पातळीनुसार आपोआप चालू-बंद करणारे पॅनल २४,०००. सक्शन पाइप, फूट व्हॉल्व्ह, पाणी उलटे येऊ न देणारा एनआरव्ही आणि जोडण्या २२,०००. फाउंडेशन व बसवणी १४,०००. बेरीज १,१६,०००, जीएसटी २०,८८०, एकूण १,३६,८८० रुपये.

पॅनलमध्ये तीन गोष्टी आहेत का ते बघा: खालची टाकी रिकामी झाल्यावर पंप थांबवणारी सोय, तीनपैकी एक फेज गेल्यावर थांबवणारी सोय आणि दोन्ही पंप आलटून पालटून चालवणारा बदल. शेवटची सोय नसली की राखीव पंप महिनोनमहिने बंद राहून जाम होतो आणि गरज पडेल त्याच दिवशी ते कळते. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा, इथे ६५ मिमीचा, हवा. तो लहान ठेवला तर पंपात खडे फिरत असल्यासारखा आवाज येतो आणि नवा इम्पेलरही लवकर झिजतो.

वीज वाचून पैसे वसूल होतात का?

नवा पंप तेच पाणी १.९ तासांत चढवेल आणि सुमारे २.४ किलोवॅट घेईल, म्हणजे दिवसाला साडेचार युनिट. रोजची बचत ६.४ युनिट, वर्षाला सुमारे २,३०० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २३,००० रुपये. पंपाचा खर्च फिटायला सहा वर्षे लागतात. कोणी «दोन वर्षांत वसूल» म्हणत असेल तर हीच आकडेमोड त्याच्याकडून लेखी मागा. लिफ्टच्या खर्चाला मात्र बचतीचा हिशोब लावू नये. तो खर्च लिफ्ट मजल्याला लागावी आणि तिचे सुटे भाग मिळत राहावेत म्हणून आहे.

दोन्ही कामे एकदमच करायला हवीत का?

नाही. एका पत्रात आली म्हणून ती जोडलेली नाहीत. पैसे कमी असतील तर लिफ्ट आधी आणि पंपांपैकी एकच बदला. जुन्यातला बरा पंप राखीव म्हणून ठेवता येतो. पॅनल मात्र पहिल्याच वेळी दोन पंपांचे घ्या.

प्रत्येक घराला किती भरावे लागेल? तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे?

लिफ्ट आणि पंप मिळून ५,६१,६८० रुपये; अनपेक्षित कामासाठी पाच टक्के धरले तर ५,८९,७६४ रुपये. २८ घरांत समान वाटले तर घरटी सुमारे २१,०६३ रुपये.

महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा किंवा न वापरा. पैसे आधी दुरुस्ती व देखभाल निधीतून घ्यावेत. सिंकिंग फंड प्रामुख्याने इमारतीच्या बांधकामाशी निगडित मोठ्या कामांसाठी असतो. त्याला हात लावण्याआधी उपविधी आणि लेखापरीक्षकाचे मत बघा. रक्कम कमिटीच्या खर्चमर्यादेच्या वर असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. सभेच्या नोटिशीसोबत पत्र आणि तुलनात्मक तक्ता द्या, म्हणजे सभासद वाचून येतील.

सरकारी परवानगी लागते का?

लिफ्टचा परवाना विद्युत निरीक्षक कार्यालयाचा असतो आणि लिफ्टमध्ये बदल करण्याआधी त्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. कागदपत्रे कोण सादर करणार हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा. बहुतेक वेळा ते काम कंपनी करते.

कंपनी निवडताना कोणती अट विसरली जाते?

पासवर्डची. काही कंट्रोलर फक्त बसवणाऱ्या कंपनीलाच उघडता येतात. वर्ष संपल्यावर देखभालीचे दर वाढले तरी दुसरी कंपनी हात लावू शकत नाही. वर्क ऑर्डरमध्येच लिहा की वायरिंगचा नकाशा, ड्राइव्हच्या सेटिंगची यादी, पासवर्ड आणि सेटिंग करायचे हातातले यंत्र लागत असेल तर तेही सोसायटीच्या ताब्यात द्यायचे. मान्य नसेल तर ते कोटेशन कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवा.

पैसे देताना ३० टक्के आगाऊ, माल जागेवर आल्यावर ५०, चालू करून दिल्यावर १५ आणि शेवटचे ५ टक्के हमीचे वर्ष संपल्यावर, अशी वाटणी ठेवा.

काम चालू असताना लिफ्ट किती दिवस बंद राहील?

साधारण पाच ते आठ दिवस. सगळा माल आवारात आल्याशिवाय जुने पॅनल सोडू देऊ नका. लांबलेल्या कामांत बहुतेक वेळा एखादाच भाग यायचा राहिलेला असतो. चालता न येणारे, डायलिसिसला जाणारे, गरोदर स्त्रिया असलेली घरे कोणती याची यादी आधी करा आणि त्यांच्याशी तारखा बोलून ठरवा. पंप एकेक करून बदलले तर पाणी बंद ठेवावे लागत नाही.

काम पूर्ण झाल्यावर सही करण्याआधी काय बघायचे?

दारांच्या लॉकची चाचणी वर आली आहे. त्याखेरीज प्रत्येक मजल्यावर रिकाम्या आणि भरलेल्या लिफ्टचा उंबरठ्यातला फरक १० मिमीच्या आत हवा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असताना मुख्य स्विच बंद करून एआरडी बघा, माणसे आत घेऊन आणि न घेता. ब्रेकची चाचणी क्षमतेच्या सव्वापट वजन ठेवून करतात. त्या वेळी लिफ्टमध्ये वजनेच असावीत, माणूस नसावा. गव्हर्नर आणि वेग वाढल्यास लिफ्टला रुळांवर पकडून धरणाऱ्या सेफ्टी गिअरची चाचणी कंपनीने अभियंत्यासमोर करून अहवालात लिहावी. पंपासाठी टाकीची १५ मिनिटांची चाचणी पुन्हा करा. पातळी २० सेंटीमीटरच्या आसपास वाढली पाहिजे. १७ च्या खाली राहिली तर सक्शनमध्ये हवा शिरते आहे का ते आधी पाहा.

जुन्या पॅनलचे आणि पंपांचे काय करायचे?

वर्क ऑर्डरमध्ये लिहिले नसेल तर कंपनी ते उचलून नेते. जुन्या मोटर आणि पंपांत तांबे आणि बीड असते, त्यांना भंगारात किंमत येते. बायबॅकची रक्कम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागा किंवा सामान सोसायटीकडे राहील असे लिहा. चालू स्थितीतला एक जुना पंप मात्र पहिले वर्षभर ठेवून द्या. नव्यापैकी एक हमीच्या दुरुस्तीला गेला तर तो उपयोगी पडतो.